वाटीचा तळ एकच
समजा, परभणी जिल्ह्यातल्या एका सरळ रस्त्यावर ०, ४ आणि १० किलोमीटरवर तीन सारख्या वस्त्या आहेत. आरोग्य उपकेंद्र कुठे असावे? मधल्या वस्तीत तिघींचे एकूण अंतर १० किलोमीटर. तिथून किलोमीटरभर कुणीकडेही सरकवले तर ११. दूरच्या जागा तपासायची गरजच नाही. एकूण अंतराचा आलेख बहिर्वक्र, म्हणजे वाटीसारखा आहे: त्यावरचे कोणतेही दोन बिंदू रेषेने जोडा, आलेख त्या रेषेच्या वर जात नाही. दूर कुठे ९ असते, तर तिकडे जाणारी रेषा उतरती असती आणि आलेख पहिल्याच पावलाला १० खाली आला असता. तो तर चढला.

मात्र अंतराऐवजी रिक्षाभाडे मोजले आणि ते ३ किलोमीटरनंतर वाढत नसेल, तर वाटी मोडते. मग शेवटची वस्ती मोठी असताना मधली जागा शेजारच्या जागांहून स्वस्त दिसेल, पण खरी स्वस्त जागा शेवटी असेल. म्हणून जागा ठरवणाऱ्यांनी आधी आलेखाचा आकार पाहावा.