वहीतील चौदा दिवस

गेल्या श्रावणात इंदूरचे आमचे एक स्नेही बारावीतील आपल्या मुलीला घेऊन आमच्याकडे आले. "गुरुजी, ही रोज पहाटे साडेचारला उठून गणिताला बसते, पण दोन तासांत पाच उदाहरणेही होत नाहीत. आळस, दुसरे काय?" असे ते म्हणाले. मुलगी मान खाली घालून बसली होती. पहाटेच्या अभ्यासाचा तो उपदेश आम्हीच वर्षानुवर्षे प्रार्थनेनंतर सर्व मुलांना करीत आलो आहोत. त्यामुळे त्या शब्दाने आम्हीच थोडे ओशाळलो.

वेळापत्रक बदलण्याआधी मुलीची स्थिती मोजावी, असे आम्ही सुचविले. पहाटे पाच, सकाळी नऊ, सायंकाळी पाच आणि रात्री आठ या चार वेळी तिने वहीत दोन आकडे लिहायचे होते : एक उत्साहाचा, दुसरा मनःस्थितीचा. दोन्ही एक ते पाच या मापात. मापाचे अर्थ आधीच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहिले, नाहीतर सोमवारचा तीन आणि गुरुवारचा तीन यांत मेळ राहत नाही. उत्साहाचा एक म्हणजे तीच ओळ पुनःपुन्हा वाचावी लागते; तीन म्हणजे सोपे काम होते; पाच म्हणजे अवघड उदाहरण आपणहून हाती घ्यावेसे वाटते. शेजारी आदल्या रात्रीची झोप आणि काही विशेष घडले असल्यास दोन शब्द.

पहिल्या दोन दिवशी सर्वत्र तीनच आकडा आला. विचारता कळले, की सारी नोंद रात्री एकदमच, आठवून केली होती. स्मरणातला दिवस नेहमी सपाट होतो. आकडा त्या त्या वेळीच लिहावा लागतो. ती पाने रद्द करून आम्ही नव्याने आरंभ केला.

चौदा दिवसांनी वही उघडली. पहाटेच्या उत्साहात एक हा आकडा तीनदा, दोन सातदा, तीन तीनदा आणि चार एकदाच होता. रात्री आठला मात्र चार आठदा आणि पाच दोनदा. म्हणजे चौदापैकी दहा रात्री ती अवघड कामास सिद्ध होती, आणि ती वेळ पाठांतरात जात होती. सरासरी न काढता कोणता आकडा किती वेळा आला एवढेच आम्ही मोजले. एखाद्या आजारपणाच्या दिवसाने सरासरी उगाच ढळते.

परंतु पहाटेचा तो एकमेव चार आम्हांला अधिक बोलका वाटला. आदल्या रात्री वीज गेल्यामुळे मुलगी साडेनऊलाच झोपली होती. एरवी साडेअकरा ते साडेचार, अवघी पाच तास झोप. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, आणि शरीराचे घड्याळही प्रौढांपेक्षा उशिराकडे झुकलेले असते. दोष पहाटेचाही नव्हता आणि मुलीचाही नव्हता. झोप अपुरी होती.

म्हणून दोनच बदल केले. रात्री आठ ते साडेनऊ गणित, दहाला झोप आणि सकाळी सहाला उठणे. पाठांतर सकाळी सातनंतर. अभ्यासाचे तास कमी झाल्याने वडील नाराज होते. त्यांना आम्ही म्हटले, "भाऊसाहेब, आणखी चौदा दिवस द्या, आणि तास न मोजता उदाहरणे मोजा." दुसऱ्या पंधरवड्यात दीड तासात आठ-नऊ उदाहरणे होऊ लागली. एकाच वेळी चार बदल केले असते, तर गुण कशाचा आला हे कळले नसते.

मनःस्थितीच्या रकान्याने मात्र वेगळेच सांगितले. मंगळवारी आणि शुक्रवारी सायंकाळी उत्साह तीन, पण मन एक किंवा दोन. ते रसायनशास्त्राच्या शिकवणीचे दिवस. मुलगी थकलेली नव्हती, धास्तावलेली होती. मागील दोन प्रकरणे तिला समजलीच नव्हती आणि विचारण्याचा धीर होत नव्हता. यावर वेळापत्रकाचा इलाज नव्हता. ती प्रकरणे कोणी तरी तिच्याशेजारी बसून पुन्हा शिकविणे आवश्यक होते, आणि ते झाले. दोन्ही आकडे एकाच रकान्यात लिहिले असते, तर ही धास्ती थकव्यातच गणली गेली असती.

या वहीची मर्यादाही सांगितली पाहिजे. चौदा दिवसांत प्रत्येक वार दोनदाच येतो. त्यामुळे वारांविषयीचा अंदाज विचारून पडताळावा. आणि मनाचा आकडा पुरी झोप मिळूनही चारही वेळी, रोजच, एक-दोनवर राहिला, तर वेळापत्रकाशी खेळत न बसता मुलाला डॉक्टरांकडे न्यावे.

आमच्या प्रार्थनेनंतरच्या उपदेशातून साडेचारचा आकडा आता आम्ही काढून टाकला आहे. त्याऐवजी मुलांना विचारतो, "रात्री किती वाजता झोपलास?"