बंद किती, उघडे किती?

चतुर्थीची सुट्टी संपली की आपल्या कॉरिडॉरमध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "तुझं किती होतंय?" उत्तर टक्क्यांत येतं. कोणाचं साठ, कोणाचं पंचाऐंशी. साठवाला तोंड पाडतो आणि पंचाऐंशीवाली निर्धास्त होते. माझं म्हणणं असं की दोघांनीही चुकीची गोष्ट मोजली आहे. हे साठ टक्के नेमके कशाचे, हे कोणी विचारतच नाही.

एक पेपर घेऊन बघू. प्रमाण प्रत्येक कॉलेजात वेगळं असतं, म्हणून हे आकडे उदाहरणापुरते धरा. पेपर १०० गुणांचा. त्यात इंटर्नल ४० : १० गुणांच्या दोन टेस्ट, १० ची असाइनमेंट, १० चं प्रेझेंटेशन. सेमिस्टरच्या शेवटची परीक्षा ६० ची. आपल्या विद्यार्थिनीला पहिल्या टेस्टमध्ये ५ पडले, असाइनमेंटला ७. दुसरी टेस्ट देऊन झाली आहे, पण पेपर अजून परत मिळालेला नाही. प्रेझेंटेशन आणि शेवटची परीक्षा व्हायची आहे.

ती सांगते, "मला साठ टक्के." हिशेब चुकलेला नाही, २० पैकी १२ म्हणजे साठच. पण ते २० गुणांचे साठ टक्के आहेत. उरलेल्या ८० गुणांबद्दल हा आकडा काहीच बोलत नाही. म्हणून टक्के बाजूला ठेवावेत आणि पूर्ण १०० गुणांचे चार ढीग करावेत. जमा १२. गेलेले ८. अडकलेले १०, म्हणजे दुसरी टेस्ट. आणि उघडे ७०. चारही ढिगांची बेरीज १०० आली नाही, तर काहीतरी मोजायचं राहिलं. बहुतेक वेळा टेस्ट २५ ची असते आणि धरताना ती १० वर आणतात, तिथे घोळ होतो. आधी सगळं एका मापात आणायचं, मग बेरीज.

आता चित्र बदललं. पुढे काहीच मिळालं नाही तर १२, सगळं मिळालं तर ९२. तिचा निकाल या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहे. तिचे फक्त ८ गुण कायमचे गेलेत. आमच्या वर्गात पहिल्या टेस्टनंतरच "हा पेपर गेला" म्हणून लेक्चरला यायचं सोडणारे आहेत. त्यांनी हे चार आकडे एकदा कागदावर लिहिले, तर बहुतेकांना दिसेल की पेपर कुठेही गेलेला नाही.

पण उघडे म्हणजे हातात आले असं नाही. समजा तिला ए ग्रेड हवी आहे आणि ती ७० ला सुरू होते. ७० मधून जमा गुण वजा करायचे आणि उरलेल्याला उघड्या गुणांनी भागायचं. इथे अडकलेला ढीग आडवा येतो. दुसऱ्या टेस्टचे ८ आले तर जमा २० होतात, म्हणजे ७० पैकी ५० हवेत, साधारण ७१ टक्के. ४ च आले तर ७० पैकी ५४ हवेत, म्हणजे ७७ टक्के. पुढे प्रेझेंटेशनला ८ मिळाले असं धरलं, तर शेवटच्या परीक्षेत एका वेळी ६० पैकी ४२ पुरतात आणि दुसऱ्या वेळी ४६ लागतात. आजवर साठ टक्क्यांच्या आसपास लिहिणाऱ्या मुलीला ४२ ओढून आणता येतील. ४६ साठी तिला अभ्यासाची पद्धतच बदलावी लागेल. आणि ८५ ची ग्रेड? ४ आले तर ७० पैकी ६९ हवेत. गणितात ते दार उघडं आहे, प्रत्यक्षात बंद. म्हणून लागणारा टक्का नेहमी स्वतःच्या आजवरच्या टक्क्याशेजारी ठेवून बघावा. थोडा वर असेल तर झटावं. खूपच वर असेल तर ते तास दुसऱ्या पेपरला द्यावेत.

पंचाऐंशीवालीसाठीही एक सूचना आहे. तिच्याकडे ४० पैकी ३४ जमा आहेत. पासिंग ४० ला, म्हणून तिला वाटतं की आता सहाच हवेत. पण काही ठिकाणी शेवटच्या परीक्षेत वेगळं पास व्हावं लागतं. समजा त्यासाठी ६० पैकी २४ हवेत आणि हिला २० पडले. एकूण ५४ होऊनही ती नापास. जमा झालेले गुण हे फाटक उघडत नाहीत. तेव्हा आपल्या पेपरला असा नियम आहे का, हे सिलॅबसबरोबरच्या परीक्षा-योजनेत पहिल्या आठवड्यातच बघून ठेवायला हवं.

आता मुद्द्यावर येते. गेलेल्या ढिगाला आपण जबाबदार, उघडाही आपल्याच हातात. अडकलेला ढीग मात्र आपल्या हातात नाही. तो गुणांच्या दृष्टीने बंद झालेला असतो, पण आपल्याला कळलेला नसतो. परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत तो तसाच राहिला, तर ४२ च्या तयारीने बसायचं की ४६ च्या, हे ठरवता येत नाही. पाच पेपरांत असे पाच ढीग अडकले तर कुठल्या पेपरला किती वेळ द्यायचा, हा निर्णय नुसत्या अंदाजावर चालतो. म्हणून माझी मागणी साधी आहे : इंटर्नलचा प्रत्येक गुण शेवटच्या लेक्चरच्या आधी विद्यार्थ्याला कळला पाहिजे.

यावर दोन आक्षेप मी ऐकलेत. एक, शिक्षकांकडे तपासायला गठ्ठे असतात. खरं आहे. तर मग टेस्ट अशा तारखेला ठेवावी की तपासायला दोन आठवडे मिळतील. परीक्षेला आठवडा उरला असताना टेस्ट घेतली, तर गठ्ठा अडकणारच. दुसरा आक्षेप आमच्या साहित्याच्या विभागात जास्त ऐकू येतो : "गुण कसले मोजता, कादंबरी वाचा." मला वाटतं, न मोजणाराच गुणांचा विचार जास्त करतो, कारण त्याची भीती कधी आकड्यावर येऊन थांबत नाही. चार ढीग मांडायला दहा मिनिटं लागतात. त्यानंतर वाचायला मोकळं.

शिवाय परत आलेल्या पेपरवर फक्त गुण नसतात. संदर्भासहित स्पष्टीकरणात आपण नुसतं कथानक सांगितलं, हे मार्जिनमधल्या एका ओळीने कळतं. त्या प्रश्नाचे ५ गुण गेले ते गेले, पण तीच चूक ६० गुणांच्या परीक्षेत टाळता येते. तो पेपर निकालानंतर हातात पडला तर ती ओळ वाचून काय करायचं?