साथींची आकडेवारी उतरवताना

नाचणगावच्या परिसरात गेल्या दहा वर्षांत गॅस्ट्रोचे उद्रेक कोणत्या महिन्यांत झाले, हे आमच्या एका इंटर्नला तपासायचे होते. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाचे साप्ताहिक उद्रेक अहवाल इंटरनेटवर खुले असतात. एका वर्षाचे बावन्न, म्हणजे दहा वर्षांचे ५२० अहवाल. हाताने कोण उतरवणार? त्याने छोटा प्रोग्राम लिहिला आणि मला दाखवला. मी विचारले, दोन मागण्यांमध्ये किती अंतर ठेवलेस? उत्तर होते, शून्य.

असा प्रोग्राम क्षणात शेकडो मागण्या पाठवतो. त्याच वेळी एखाद्या तालुक्यातला आरोग्य अधिकारी तेच संकेतस्थळ उघडत असेल, तर खोळंबा त्याचा होतो. दर मागणीनंतर दहा सेकंद थांबले तरी ५२० फायलींना साधारण दीड तासच लागतो. रात्री सुरू करून झोपावे. आलेली प्रत्येक फाइल जपून ठेवावी. आकडे वाचताना चूक झाली, तर जपलेल्या प्रतीतूनच पुन्हा वाचावे, सर्व्हरकडे परत जाऊ नये. 429 किंवा 503 असे उत्तर आले, तर ते 'जरा थांबा' असे समजावे आणि अंतर वाढवावे. प्रोग्रामच्या ओळखीत आपला ईमेल द्यावा, म्हणजे तक्रार असणाऱ्याला आपण सापडतो.

सुरुवातीलाच मुख्य पत्त्यापुढे /robots.txt जोडून पाहावे. प्रोग्रामने कुठे जाऊ नये, ते तिथे लिहिलेले असते. मात्र तिथे मनाई नाही म्हणजे परवानगी मिळाली, असे होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ नुसार संगणकाच्या मालकाच्या किंवा प्रभाऱ्याच्या परवानगीविना त्यातला डेटा उतरवणे भरपाईला कारण ठरू शकते. म्हणून संकेतस्थळाच्या अटी वाचाव्यात, आणि त्या संदिग्ध असतील तर सरळ पत्र लिहावे. data.gov.in वर काही माहिती मुक्त परवान्याखालीच मिळते. तिथे असेल तर ही खटपटच नको.

मला खरी काळजी वेगळीच आहे. या अहवालांच्या शेऱ्यात कधी गावाचे नाव असते, कधी मृताचे वय. हजार वस्तीच्या गावात तेवढ्यावरून घर कळते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, व्यक्तीने स्वतः किंवा कायद्याच्या बंधनामुळे जाहीर झालेल्या माहितीला सूट आहे. पण बातमीदाराने छापलेले रुग्णाचे नाव या सुटीत आपोआप बसत नाही, आणि असे दोन स्रोत जोडले की अनाम आकडा माणूस होतो.

इंटर्नच्या तक्त्यात आम्ही तालुका, महिना आणि रुग्णसंख्या एवढेच रकाने ठेवले. सगळे काही खुलेच असले, तरी प्रस्ताव नैतिकता समितीपुढे ठेवला. तपासणीतून सूट द्यायची की नाही, हे समितीने ठरवायचे असते. गावांची नावे वगळल्याने त्याचा नकाशा जरा ढोबळ झाला, आणि त्यावर तो अजून नाराज आहे.