शंभर तासांची ऑर्डर आणि वरचे एकतीस तास

भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये स्टीलच्या भांड्यांचे कारखाने गाळ्यागाळ्यांत आहेत. त्यांच्या डायची ड्रॉइंग्ज बहुधा बाहेरचा डिझायनर तासांच्या दराने करून देतो. ऑर्डरवर दर असतो, तासांची कमाल मर्यादा असते आणि भांडण हमखास त्या मर्यादेपाशी होते.

हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. सहा डायची ड्रॉइंग्ज, तासाला 700 रुपये, जास्तीत जास्त 100 तास. चार डाय पूर्ण होईपर्यंत 131 तास लागले आणि दोन अजून बाकी आहेत. कारखानदार म्हणतो, "ठरल्या पैशात सगळे पूर्ण करून द्या." अशा वेळी डिझायनर रागाच्या भरात 31 तासांचे बिल पाठवतो. अकाउंट्समध्ये ऑर्डरची शिल्लक शून्य दिसते आणि बिल परत येते.

मेल लिहिण्याआधी त्या 31 तासांची फोड करायला हवी. त्यातले 17 तास मंजुरीनंतर डब्याची उंची 60 वरून 75 मिलिमीटर केल्यामुळे गेले. कारखानदाराला हा बदल पंधरा मिलिमीटरचा वाटतो. पण 100 मिलिमीटर व्यासाच्या डब्याला आधी साधारण 184 मिलिमीटरची चकती पुरत होती, ती आता 200 ची लागते. म्हणजे चकती डब्याच्या व्यासाच्या दुप्पट झाली. स्टेनलेस स्टील एका दाबात जेमतेम एवढेच ओढले जाते, पुढे पत्रा फाटतो. त्यामुळे दोन टप्प्यांत ओढायची डाय नव्याने आखावी लागली. हे कारण मेलमध्ये दोन ओळींत आले पाहिजे, कारण बिल पास करणाऱ्या पर्चेसवाल्याला ते कुणी सांगितलेले नसते. बदल सांगतो प्रॉडक्शन मॅनेजर आणि पैसे अडवतो पर्चेस. म्हणून मेल पर्चेसला जावा, त्याची प्रत मॅनेजरला.

आणखी 9 तास मॅनेजरने फोनवर सांगितलेल्या दुरुस्त्यांचे आहेत. लेखी काही नाही, पण सुधारित ड्रॉइंगवरून डाय कापली गेली आहे. उरलेले 5 तास डिझायनरच्या स्वतःच्या मापचुकीचे. ते त्याने आपणहून सोडून द्यावेत. आपल्या चुकीचे तास वगळून मागितलेल्या 26 तासांवर समोरचा विश्वास ठेवतो.

मेलचा मजकूर एवढाच पुरे:

"मर्यादेपलीकडे 31 तास झाले. उंचीबदलाचे 17 (आपला मेल सोबत), फोनवरील दुरुस्त्यांचे 9 (वापरात असलेली ड्रॉइंग्ज सोबत). 5 तास माझ्याकडून, त्यांचे बिल नाही. 26 तासांचे 18,200 रुपये अधिक जीएसटी देय आहेत. पुढच्या कामासाठी तीन पर्याय: (अ) दोन्ही डाय पूर्ण, आणखी 40 तास. (आ) दोन्ही डाय फक्त टू-डी ड्रॉइंगमध्ये, थ्री-डी मॉडेल नाही, 24 तास. (इ) काम इथेच थांबवून हिशेब पूर्ण. पर्याय कळवून सुधारित ऑर्डर द्यावी. तोवर नवे काम हाती घेत नाही."

अ पर्यायात सुधारित ऑर्डर 66 तासांची, 46,200 रुपयांची होते. आ मध्ये 50 तासांची, 35,000 ची. पर्चेसवाल्याला आता वाद घालण्याऐवजी एक अक्षर लिहून मोकळे होता येते.

कायद्याचा आधार किती, तेही बघू. 1872 च्या करार कायद्याचे कलम 70 म्हणते की फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ दुसऱ्याने घेतला, तर त्याने मोबदला द्यावा. बी. के. मोंडल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर, रीतसर करार नसतानाही, पश्चिम बंगाल सरकारला कंत्राटदाराचे पैसे द्यायला लावले. आपले 9 तास या कलमात बसू शकतात. मात्र ऑर्डरवर 'लेखी मंजुरीशिवाय जादा तास मान्य नाहीत' असे छापलेले असेल, तर तो आधार लंगडा पडतो. नुसता खर्च वाढला म्हणून दर वाढवून मागता येत नाही, हे 1960 मध्ये अलोपी पर्शाद खटल्यात ठरलेले आहे.

उद्यम नोंदणी असलेल्या डिझायनरला 2006 च्या एमएसएमई कायद्याचाही उपयोग होतो. काम दिल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ते स्वीकारले असे धरतात आणि लेखी करार असला तरी पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावे लागतात. पण हा कायदा देय रक्कम वेळेवर मिळवून देतो, नसलेली ऑर्डर निर्माण करत नाही.

म्हणून हा मेल 131 व्या तासाला लिहायचाच नसतो. उंची बदलल्याचा निरोप आला त्याच दिवशी "याला अंदाजे 17 तास जास्त लागतील, चालेल का?" अशी एक ओळ गेली असती, तर होकार असो वा नकार, तो डाय कापण्याआधी मिळाला असता. आणि ऐंशी तास भरले की उरलेल्या कामाचा अंदाज पर्चेसला न मागता पाठवावा. तेव्हा शिल्लक वीस तासांत काय बसवायचे, हे ठरवणे कारखानदाराच्या हातात असते. मर्यादा ओलांडल्यावर त्याच्या हातात फक्त नाही म्हणणे उरते.

(लेखक लघुउद्योगांना ऑर्डर व करारांबाबत सल्ला देतात.)