गंज प्राणवायू खातो तेव्हा

२३ सप्टेंबर २००७ रोजी उत्तर समुद्रातील ‘वायकिंग आयला’ या जहाजावर नांगराची साखळी खडखडत होती. ती बांधायला एक खलाशी साखळीच्या कोठीत उतरला आणि कोसळला. सोबत्याने इतरांना कळवले, पण त्याला काढायला स्वतःही आत गेला, तोही पडला. तिसऱ्याला पाठीवरच्या श्वसनसंचासह अरुंद तोंडातून शिरता येईना, म्हणून तो केवळ बाहेर निसटण्यासाठी असलेला छोटा संच लावून उतरला. तिघेही दगावले. ते जहाज बचावकार्याचेच होते!

मारेकरी विषारी वायू नव्हता. लोखंड गंजताना बंद कोठीतला प्राणवायू संपला होता. मोकळ्या हवेत तो सुमारे २१ टक्के असतो; तो फारच कमी झाला, तर काही श्वासांतच शुद्ध जाते. गुदमरल्याची जाणीव मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते. इथे तो उच्छ्वासातून नेहमीसारखा बाहेर पडतो, त्यामुळे शरीर धोक्याची सूचनाच देत नाही. वासही येत नाही. धडधाकट सोबतीही म्हणूनच फसतो.

यासाठी लेखी प्रवेश-परवाना असतो. आधी हवा खेळती करायची, मग मोजयंत्राने वर, मध्ये आणि तळाशी प्राणवायू तपासायचा. दाराशी एक जण उभा. काहीही झाले तरी त्याने आत जायचे नाही, फक्त इशारा द्यायचा. परवान्याला मुदत असते. २०१५पासून दर दोन महिन्यांनी सराव सक्तीचा आहे. तो त्या अरुंद तोंडातून, संच पाठीवर घेऊन व्हायला हवा, कागदावर नव्हे.