नुसते ‘वंशसंहार’ म्हटल्याने भागत नाही

गेल्या जुलैत स्रेब्रेनिकाच्या स्मृतिदिनानिमित्त आमच्याकडे एक छोटा कार्यक्रम झाला. पन्नास-साठ माणसे असतील. मी बोस्नियातल्या फोचा या शहरातल्या बलात्कारांच्या खटल्यावर बोललो. प्रश्नोत्तरे सुरू झाली आणि मागच्या रांगेतला एक तरुण उठला. म्हणाला, “भाई, तुम्ही तासभर ‘मानवतेविरुद्धचा गुन्हा’ म्हणत राहिलात. जेनोसाइड हा शब्द एकदाही काढला नाहीत. कुणाला घाबरता?” टाळ्या पडल्या. मी काहीतरी उत्तर दिले, पण ते माझे मलाच पटले नाही. म्हणून आज हे लिहितो आहे.

त्या तरुणाच्या रागाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यामागच्या समजुतीबद्दल. आपल्याकडे युद्धगुन्हा, मानवतेविरुद्धचा गुन्हा आणि वंशसंहार या जणू तीन पायऱ्या मानल्या जातात. खालची पायरी मिळाली की अपमान झाला आणि वरची मिळाली की न्याय झाला! कायद्यात अशी शिडी नाही. हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. युद्धगुन्ह्यात विचारले जाते की या कृत्याचा सशस्त्र संघर्षाशी संबंध होता का. तो असेल तर एका स्त्रीवर एकदा झालेला बलात्कारही पुरतो. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यात प्रश्न असतो तो सामान्य नागरिकांवर व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला चालू होता का, आणि आरोपीला आपले कृत्य त्याचा भाग असल्याचे ठाऊक होते का. वंशसंहारात प्रश्न हेतूचा असतो. एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक समूह पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याचाच इरादा होता का? एकाच रात्रीच्या एकाच घटनेला हे तिन्ही प्रश्न विचारता येतात. उत्तरे मात्र वेगवेगळी येऊ शकतात, कारण प्रत्येकासाठी लागणारा पुरावा वेगळा आहे.

फोचा हे पूर्व बोस्नियात द्रिना नदीकाठी वसलेले शहर. एप्रिल १९९२ मध्ये सर्ब फौजांनी ते घेतले. मुसलमान पुरुषांना तुरुंगात डांबले आणि बायका-मुलींना शहरातल्या हायस्कुलात व नंतर ‘पार्टिझान’ नावाच्या क्रीडागृहात कोंडले. तिथून सैनिक रोज मुली निवडून घरांत, सदनिकांत न्यायचे. मशिदी पाडल्या आणि शहराचे नावही बदलून ‘सर्बिन्ये’ केले. हेगच्या युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणात या प्रकरणी १९९६ मध्ये आठ जणांविरुद्ध आरोपपत्र दाखल झाले. आंतरराष्ट्रीय न्यायालयात निव्वळ लैंगिक गुन्ह्यांवर उभे राहिलेले ते पहिले आरोपपत्र होते. त्यातल्या तिघांवर, म्हणजे कुनारात्स, कोवाच आणि वुकोविच यांच्यावर, एकत्र खटला चालला. २२ फेब्रुवारी २००१ रोजी निकाल लागला आणि त्यांना अनुक्रमे २८, २० आणि १२ वर्षांची शिक्षा झाली.

या खटल्यात वंशसंहाराचे कलम नव्हतेच. फिर्यादी पक्षाने एकाच घटनांवर दोन बाजूंनी आरोप रचले. बलात्कार आणि छळ हे युद्धगुन्हे म्हणूनही लावले आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हणूनही. दोन्हींत शिक्षा धरता आली, कारण प्रत्येकात दुसऱ्यात नसलेली एक बाब सिद्ध करावी लागते. याशिवाय कुनारात्स आणि कोवाच यांच्यावर आणखी एक कलम होते, आणि माझ्या मते या खटल्याचा जीव त्यातच आहे. ते कलम म्हणजे गुलामगिरी. न्यायाधिकरणाच्या संविधीत ‘लैंगिक गुलामगिरी’ असा शब्द नव्हता, तो पुढे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम संविधीत आला. साध्या ‘गुलामगिरी’च्या कलमात हे प्रकरण बसवण्यासाठी त्या घरांत काय चालायचे ते बारकाव्यांसह मांडावे लागले.

कोवाचच्या सदनिकेत १९९२ च्या अखेरीस चार मुली होत्या. त्यातली एक अवघी बारा वर्षांची होती. त्यांना कोंडून ठेवले जाई. स्वयंपाक, धुणीभांडी त्यांनीच करायची. त्यांना नग्न करून टेबलावर नाचवले जाई. बारा वर्षांच्या त्या मुलीला कोवाचने दोनशे जर्मन मार्कांना विकले. फेब्रुवारी १९९३ मध्ये आणखी दोघींना प्रत्येकी पाचशे मार्कांना माँटेनेग्रोच्या सैनिकांच्या हवाली केले. न्यायाधीशांनी म्हटले की विक्री झाली नसती तरीही ही गुलामगिरीच ठरली असती. मुलीचे येणे-जाणे, तिचे श्रम, तिचे शरीर या साऱ्यावर दुसऱ्याचा मालकासारखा ताबा होता, एवढे पुरेसे होते. दार उघडे असते तरी जायचे कुठे? सगळे शहर त्यांच्याच ताब्यात होते.

बचाव काय होता, तेही सांगायला हवे. कोवाच म्हणाला की त्यातल्या एका मुलीशी त्याचे प्रेम होते. ती मुलगी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती! कुनारात्स म्हणाला की एका मुलीनेच पुढाकार घेतला. प्रत्यक्षात त्याच्याच माणसाने तिला आधी धमकावले होते की साहेबाला खूश केले नाहीस तर जीव जाईल. खंडपीठाने दोन्ही बचाव फेटाळले. अपिलात २००२ मध्ये हे स्पष्ट झाले की स्त्रीने सतत प्रतिकार केला पाहिजे ही अपेक्षा कायद्यातही चूक आहे आणि वास्तवाला धरूनही हास्यास्पद आहे. आपल्याकडची खालची कोर्टे आजही पीडितेच्या अंगावर जखमा शोधतात. त्यांना हा निकाल कुणीतरी वाचून दाखवावा.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. फोचाला वंशसंहार ठरवण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे नाही. तो वरच्या पातळीवर झाला. राडोव्हान काराजिच आणि रात्को म्लादिच यांच्यावर स्रेब्रेनिकाखेरीज १९९२ मधल्या काही नगरपालिका क्षेत्रांतल्या अत्याचारांसाठीही वंशसंहाराचा आरोप होता. त्यात फोचाही होते. या आरोपातून दोघेही सुटले. स्रेब्रेनिकाच्या वंशसंहाराबद्दल मात्र दोघांनाही दोषी धरले गेले. म्लादिचच्या २०१७ च्या निकालात एक गोष्ट फार बोचते. फोचासह काही ठिकाणच्या प्रत्यक्ष गुन्हेगारांचा हेतू तिथल्या मुसलमानांना नष्ट करण्याचाच होता, हे न्यायाधीशांनी बहुमताने मान्य केले. पण तिथले मुसलमान म्हणजे बोस्नियातल्या एकूण मुसलमानांचा ‘लक्षणीय’ भाग नव्हे, असे म्हणून त्यांनी आरोप नाकारला. हे गणित मला पटत नाही. ज्या गावात एकही मुसलमान उरू दिला नाही, त्या गावाची टक्केवारी देशाच्या लोकसंख्येशी लावून काय मिळते? त्यावर भांडायलाच हवे. पण भांडताना हेही लक्षात ठेवावे लागते की याच दोघांना छळाच्या, म्हणजे मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याच्या कलमाखाली दोषी धरले गेले आणि त्या छळात बलात्कारही मोजले गेले. वंशसंहाराचे एकच कलम लावून फिर्यादी पक्ष मोकळा झाला असता, तर फोचाच्या बायकांच्या हाती काहीच उरले नसते.

खरा धोका वेगळाच आहे. तो समजून घ्यायला द्रिनाच्या काठाने थोडे खाली, विशेग्रादला जावे लागते. तिथे मिलान लुकिचच्या टोळीने माणसांनी भरलेली घरे पेटवली. ‘विलिना व्लास’ नावाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांजवळच्या हॉटेलात मुसलमान स्त्रियांना कोंडून त्यांच्यावर बलात्कार झाले. लुकिचविरुद्ध १९९८ मध्ये आरोपपत्र निघाले, त्यात बलात्कार नव्हता. तो २००५ मध्ये अर्जेंटिनात पकडला गेला. आरोपपत्रात दुरुस्ती झाली, तरी बलात्कार आला नाही. शेवटी जून २००८ मध्ये, खटला तोंडावर आलेला असताना, फिर्यादी पक्षाला जाग आली आणि लैंगिक गुन्हे जोडण्याची परवानगी मागितली गेली. खंडपीठाने ती नाकारली. इतक्या उशिरा नवे आरोप आले तर आरोपीच्या हक्कांना बाधा येते. कायद्याने पाहिले तर हे कारण चूकही म्हणता येत नाही. २००९ मध्ये लुकिचला जन्मठेप झाली. जळून मेलेल्यांचा हिशेब झाला, पण त्या हॉटेलातल्या बायकांचा गुन्हा त्या निकालात नाही. त्यांना युद्धगुन्हाही मिळाला नाही आणि मानवतेविरुद्धचा गुन्हाही मिळाला नाही. वंशसंहाराची तर बातच सोडा.

दोन्ही शहरे एकाच नदीवर आहेत, वर्षही तेच, बळी पडलेल्या बायकाही त्याच समाजातल्या. एका ठिकाणी पहिल्याच दिवशी कुणीतरी आरोपपत्रात हा गुन्हा लिहिला, दुसऱ्या ठिकाणी दहा वर्षे लिहिला नाही. आमच्या तरुणांचा संताप त्या दहा वर्षांवर का येत नाही?

याचे एक कारण आपल्या भाषेतच आहे. मराठी वर्तमानपत्रे आजही ‘अब्रू लुटली’ लिहितात आणि उर्दू वक्ते ‘इस्मत’वर थांबतात. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या २७ व्या कलमाची भाषाही अशीच आहे. बलात्कार म्हणजे स्त्रीच्या ‘सन्माना’वरचा हल्ला, असे ते म्हणते. गुन्हा अब्रूचा मानला की तो तिचा राहत नाही. तो तिच्या बापाचा, नवऱ्याचा, कौमचा होतो. मग कौमला सगळ्यात मोठा शब्द हवा असतो, आणि त्या बाईने तपास अधिकाऱ्याला काय सांगितले याची कुणाला फिकीर नसते. फोचाच्या निकालाने मोजले ते हे की तिच्या शरीराबद्दल ठरवण्याचा तिचा हक्क हिरावला गेला का. वंशसंहार हवा म्हणून ओरडणाऱ्यांपैकी कितीजण हा मुद्दा आपल्या मोहल्ल्यात बोलायला तयार आहेत?

आणि वंशसंहार हा शब्द जिथे चपखल बसला, तिथे आम्ही टाळ्या वाजवल्या का? ‘इस्लामिक स्टेट’च्या एका माणसाने २०१५ मध्ये एक यझिदी स्त्री आणि तिची पाच वर्षांची मुलगी विकत घेतली आणि त्यांना इराकमधल्या फलुजाला नेले. तिथे ती मुलगी उन्हात बांधून ठेवल्याने मेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये फ्रँकफर्टच्या न्यायालयाने त्याला वंशसंहार, मानवतेविरुद्धचा गुन्हा आणि युद्धगुन्हा, या तिन्हींत दोषी ठरवले. यझिदींचा धर्म संपवायचा, त्यासाठी त्यांच्या बायका-मुलांना गुलाम करून आपल्या धर्मात ओढायचे, हे त्या संघटनेचे धोरण होते. त्या खरेदीतच न्यायालयाला हेतू दिसला. त्या आठवड्यात आमच्या एकाही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘जेनोसाइड’ हा शब्द मी वाचला नाही. मीही लिहिला नव्हता.

तो तरुण पुन्हा भेटला तर त्याला मी फोचाच्या निकालातला एकच भाग वाचायला देईन. बारा वर्षांच्या त्या मुलीचा. निकालात तिचे नाव नाही, ओळख लपवण्यासाठी दिलेली दोन अक्षरे आहेत. डिसेंबर १९९२ मध्ये तिला दोनशे मार्कांना विकले, हे नोंदले आहे. त्यानंतर ती कुणालाही दिसली नाही, हेही नोंदले आहे.