रोज घाम येतो, म्हणून रोज शाम्पू?



माझी भाची दिवाळीनंतर जिमला जायला लागली. पावणेसहाला घरातून निघते, सात वाजता घामाने निथळत परत येते आणि साडेसातला बस्तीत दर्शन-पूजनाला उभी राहते. आमच्याकडे घामेजल्या अंगाने पूजेला जायची पद्धत नाही, त्यामुळे डोक्यावरून आंघोळ रोजची. आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं म्हणजे शाम्पू लावायचाच, असं तिने स्वतःशी ठरवून टाकलेलं. आठवड्यातून सहा दिवस, तेही दोनदा फेस काढून.

तीन महिन्यांत वेणीचा खालचा वीतभर भाग खराट्यासारखा झाला. एके दिवशी म्हणाली, "मावशी, एक तर जिम सोडते, नाहीतर सकाळची पूजा सोडते. दोन्ही केलं तर टक्कल पडेल." ताईने तेवढ्यावरून जिमलाच दोष दिला. मला मात्र वाटतं, दोष ना जिमचा, ना पूजेचा. घाम आणि तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपण विसरलो, गडबड तिथे झाली.

घाम म्हणजे बहुतेक पाणीच. त्यात मीठ असतं आणि थोडे इतर क्षार. मीठ पाण्यात विरघळतं, त्याला फेसाची गरज नाही. मिठाच्या बरणीला लागलेला हात आपण साबणाने धुतो का? तूप लागलेला हात मात्र नुसत्या पाण्याने निघत नाही. डोक्याच्या कातडीतून जे तेल पाझरतं ते तुपासारखं. शाम्पू त्याच्यासाठी आहे. आणि ते तेल साठायला साधारण दोन-तीन दिवस लागतात, तेलकट कातडी असेल तर एखादाच दिवस. आता रोज पुरेसं तेल नसताना शाम्पू लावला, तर तो धुणार काय? केसावर असतो तोच थोडासा तेलकट थर. केस बाहेरून खवल्यांचा असतो, आणि त्या थरामुळे खवले एकमेकांवरून सरकतात. थर गेला की खवले अडकतात, गुंता होतो, ओढलं की तुटतात. वेणीचं टोक सर्वात जुनं, त्याने सर्वात जास्त धुणी सोसलेली, म्हणून खराटा तिथूनच सुरू होतो.

"रोज धुतलं की कातडी चिडून जास्त तेल सोडते" हेही भाचीने कुठेतरी ऐकलेलं. तसं काही नाही. तेलाच्या ग्रंथी शरीरातल्या हार्मोन्सच्या तालावर चालतात. आपण शाम्पू लावला की नाही हे त्यांना कळत नाही.

मग आम्ही तिचा आठवडा नव्याने बसवला. सोमवार, गुरुवार, शनिवार शाम्पूचे. मंगळवार, बुधवार, शुक्रवार नुसत्या पाण्याचे. रविवारी जिमला सुट्टी.

पाण्याच्या दिवशी जिमहून आल्यावर दहा मिनिटं पंख्याखाली बसायचं, म्हणजे अंग धुतल्यावर पुन्हा घाम फुटत नाही. वेणी सोडायची नाही, फक्त वर क्लिपने बांधायची. घाम मुळाशी असतो, शेंड्याला रोज भिजवून काय मिळवायचं? भिजला की केस फुगतो, वाळला की आकसतो, आणि रोजच्या या फुगण्या-आकसण्याने तो थकतो. कोमट पाण्याचे तीन मग हळूहळू मुळांवर ओतायचे, बोटांच्या पेरांनी (नखांनी नव्हे) मिनिटभर चोळायचं, विशेषतः कानामागे आणि मानेवर, आणि वरून आणखी तीन मग. बस. डोक्यावरून आंघोळ झाली. बस्तीत जायला आड येईल असं काही उरलं नाही. ताई आधी कुरकुरली, "फेस नाही म्हणजे स्वच्छ कसं?" मी म्हटलं, ताई, आपल्या आजीच्या काळी रोज कोण शाम्पू लावत होतं? शुचिर्भूत व्हायला पाणीच लागायचं ना?

शाम्पूच्या दिवशी जरा जास्त काम आहे. आदल्या रात्री किंवा निदान अर्धा तास आधी कानाच्या खालच्या केसांना चहाचा एक चमचा खोबरेल. मुळांना नाही. खोबरेल का, तर ते केसाच्या आत शिरतं, बाकीची बरीच तेलं वरवर राहतात. 2003 साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना छापली होती. धुण्यात केसातलं प्रोटीन निघून जाणं त्यातल्या खोबरेलानेच कमी केलं. ते संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते हेही सांगून टाकते, पण आपल्या घरातला पिढ्यांचा अनुभव काही वेगळं सांगत नाही.

नंतर अर्धा मग पाण्यात एक छोटा चमचा शाम्पू कालवायचा आणि ते पाणी फक्त मुळांवर घालायचं. शेंड्यांवरून जो फेस ओघळतो तेवढा त्यांना पुरतो. एकदाच, दुसरा हात नाही. (पाणी घातलेला शाम्पू बाटलीत भरून ठेवू नका. तो टिकवणारं द्रव्य पातळ होतं आणि त्यात जंतू वाढतात. जिवांची उत्पत्ती आपणच का ओढवून घ्यायची? रोजचा रोज कालवावा.) मग कंडिशनर, तोही कानाच्या खालीच, दोन-तीन मिनिटं ठेवून धुवायचा. खरबरीत झालेल्या जागी तो आपोआप जास्त चिकटतो, म्हणून तो टाळू नये.

ओले केस चोळून पुसू नका. ओला केस ताणला जातो आणि चटकन तुटतो. जुन्या धोतराचा मऊ पंचा घेऊन दाबून पाणी टिपायचं, रुंद दातांचा कंगवा शेंड्याकडून वर न्यायचा. आणि ओले केस घट्ट अंबाड्यात बांधून बस्तीत जाऊ नका, दिवसभर वास येतो आणि खाज सुटते.

शाम्पू निवडताना मी दोन गोष्टी बघते. पहिली, यादीत वरच सोडियम लॉरिल सल्फेट असेल तर रोजच्या वापराला तो कडक. सोडियम लॉरेथ सल्फेट त्याहून सौम्य. कोको बीटेन, कोको ग्लुकोसाइड असली नावं दिसली तर आणखी सौम्य. अंगाचा साबण मात्र डोक्याला नकोच, तो क्षारीय असतो, खवले उभे राहतात. दुसरी गोष्ट आपल्या घरची. केराटिन बहुधा लोकर, शिंगं, पिसं यांपासून काढतात, सिल्क प्रोटीन रेशमाच्या किड्यापासून, कोलेजन जनावराच्या कातड्या-हाडांपासून, शिवाय मध आणि अंडं. ज्या गोष्टी ताटात चालत नाहीत त्या डोक्यावर कशा चालतील? एका पार्लरमध्ये भाचीला महागडी केराटिन ट्रीटमेंट सुचवली होती. तसल्या बऱ्याच ट्रीटमेंटमध्ये गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, आणि वर पुन्हा सांगतात, काही दिवस डोकं धुऊ नका. रोज घाम गाळणाऱ्या मुलीला हा सल्ला! कांद्याच्या तेला-शाम्पूबद्दल तर मी बोलतच नाही.

शिकेकाई नैसर्गिक म्हणून रोज लावावी, असं ताईचं मत. मला ते पटत नाही. शिकेकाईतही फेस आणणारं द्रव्यच असतं, तेही तेल काढतं. आणि पूड तशीच लावली तर तिचा कचरा मुळाशी अडकून खाज येते. लावायचीच तर उकळून वस्त्रगाळ करून, शाम्पूच्या जागी लावा, शाम्पूशिवाय रोज अधिकची नको.

आमच्या बोअरच्या पाण्याचाही यात वाटा होता. बादलीवर पांढरे डाग, गीझरच्या कॉइलवर खपली, साबणाला फेस येत नाही, म्हणजे पाणी जड. ते क्षार केसावर बसतात आणि धुतलेले केसही राठ लागतात. आठवड्यातून एकदा, शनिवारी, लिटरभर पाण्यात अर्ध्या लिंबाचा रस गाळून शेवटी ओतायचा आणि वर एक मग साधं पाणी. सगळीकडे सांगतात तो ॲपल सायडर व्हिनेगर म्हणजे आंबवलेला शिरका, आपल्याला तो नको. डोक्याला जखम किंवा पुरळ असेल तर लिंबूही नको, झोंबतं.

आज शाम्पूचा दिवस की पाण्याचा, हे ओळखायलाही भाची शिकली. सकाळी रुमालाचं टोक टाळूवर दाबायचं. तेलाचा डाग उठला तर शाम्पू, नाहीतर पाणी. धुतल्यावर ओल्या केसावरून बोटं फिरवताना चर्र चर्र वाजलं तर जास्त धुतलं गेलं, पुढच्या वेळी शाम्पू आणखी कमी घ्यायचा. ज्यांची कातडी फार तेलकट आहे किंवा ज्यांना चिकट, पिवळसर कोंडा होतो त्यांनी माझ्या तीन दिवसांच्या हिशेबाला धरून बसू नये. तो कोंडा तेलावर जगणाऱ्या बुरशीमुळे वाढतो, तेल राहू दिलं तर तो जास्तच वाढेल. त्यांनी एक दिवसाआड, गरज पडली तर रोजही, पातळ केलेला सौम्य शाम्पू लावावा. कातडी लाल होत असेल, चट्टे पडत असतील, झुबके निघत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.

पाण्याबद्दल एक शेवटचं. पूर्वी भाचीला एकट्या डोक्यासाठी दीड बादली लागायची, आता पाण्याच्या दिवशी सहा मग. आपण पाणी गाळून घेतो, जिवाणी सांभाळून परत सोडतो, आणि त्याच घरात गरज नसताना फेस धुवायला बादल्या ओततो. कारण नसताना पाणी सांडणं हा अनर्थदंडातला प्रमादच. मुनिराजांना तर अस्नान हा मूलगुण आहे, दोन ते चार महिन्यांनी केशलोच. आपण श्रावक, आपल्याला तेवढं जमणार नाही. पण सहा मग जमतात.

दोन महिने झाले. जो खराटा झाला होता तो काही दुरुस्त झाला नाही, होतही नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, जुना भाग कापावाच लागतो. भाचीने तीन इंच कापले. वरचा नवा भाग मऊ आहे. जिम चालू आहे, पूजाही चालू आहे, आणि ताई परवा फोनवर हळूच विचारत होती, "मलाही गुरुवारी तोच चमचाभर हिशेब सांग गं."